एकदा नकार आलेल्या कंपनीत पुन्हा अर्ज: जुनी गोष्ट एचआरला कशी सांगायची

गोव्यात बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा बी.फार्म. करून बाहेर पडलेल्या मुलामुलींसमोर मोजक्याच मोठ्या वाटा असतात, आणि त्यातली एक वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून जाते. तिथल्या औषध कंपन्यांच्या वॉक-इनला डिचोली, साखळी, पेडणे, काणकोणपासून मुलं येतात. त्यातल्या बहुतेकांना पहिल्या खेपेला नकार मिळतो. मग वर्ष-दीड वर्ष कुंडईला किंवा पिळर्णला एखाद्या लहान कारखान्यात काम केल्यावर त्याच वेर्ण्याच्या कंपनीची जाहिरात पुन्हा दिसते आणि प्रश्न पडतो: मागे घेतलं नव्हतं, हे सांगायचं की नाही?

मी औषध कंपनीच्या भरती विभागात बसते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. उत्तर एकच आहे. सांगायचं, आपणहून सांगायचं आणि तीन-चार वाक्यांत सांगायचं. ते कसं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. उदाहरण क्यूसी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागातल्या नोकरीचं घेतलंय, कारण गोव्यात नव्या मुलांचे सगळ्यात जास्त अर्ज मी तिथेच येताना पाहते.

नवा ईमेल काढू नका

बरीच मुलं पहिली युक्ती हीच करतात. जुन्या अर्जाचा ईमेल सोडून नवा काढायचा, नावात वडिलांचं नाव घालायचं किंवा गाळायचं, आणि जणू पहिल्यांदाच येतोय असा अर्ज भरायचा. हे टिकत नाही. कंपनीच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचा जुना अर्ज तसाच असतो. ईमेल बदलला तरी मोबाईल क्रमांक, नाव, जन्मतारीख, कॉलेज आणि पासआऊटचं वर्ष यांवरून दोन नोंदी एकाच माणसाच्या असाव्यात हे लक्षात येतं. कधी सॉफ्टवेअर दाखवतं, कधी एचआरमधल्या माणसाला आठवतं. गोवा लहान आहे. ज्यांनी मागे तुमची तांत्रिक मुलाखत घेतली ते क्यूसीचे साहेब बहुधा आजही त्याच खुर्चीत असतात.

शिवाय अर्जाच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी सरळ विचारलेलं असतं: यापूर्वी या कंपनीत अर्ज केला आहे का, मुलाखत दिली आहे का? तळाशी, दिलेली माहिती खरी असून खोटी आढळल्यास नोकरी जाऊ शकते, या मजकुरावर तुमची सही किंवा टिक असते. तिथे ‘नाही’ लिहिलं की मागचा नकार बाजूलाच राहतो आणि आजचं खोटं हेच नाकारण्याचं कारण बनतं. मागच्या वेळी तांत्रिक फेरीत अडलेल्या उमेदवाराला पुन्हा बोलावल्याची उदाहरणं भरपूर आहेत. फॉर्मवर खोटं सापडलेल्याला क्यूसीसारख्या विभागात कुणी घेत नाही, कारण त्या विभागाचं अर्धं काम नोंदी खऱ्या ठेवण्याचंच असतं.

लॅबमध्ये काम केलेल्यांना हे पटकन कळेल. वहीत चुकीचा आकडा पडला तर तो खोडरबराने पुसायचा नसतो, व्हाइटनर लावायचा नसतो. एक आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. एचआरला पाठवायची चिठ्ठी त्या रेघेसारखी असावी.

आधी शोधा: गाडी नेमकी कुठे अडली होती?

‘मला रिजेक्ट केलं’ हे वाक्य चिठ्ठीत लिहिण्याइतकं नेमकं नाही. बायोडाटा पाहूनच बाजूला ठेवला, लेखी परीक्षेत गुण कमी पडले, तांत्रिक मुलाखतीत अडलात, एचआर फेरीत पगारावर किंवा शिफ्टवर जमलं नाही, की सगळं झाल्यावर जागाच रद्द झाली? या पाचांचा अर्थ वेगवेगळा आहे.

जुने ईमेल उघडा, स्पॅमचा कप्पाही पाहा. पोर्टलवर लॉगिन करून जुन्या अर्जासमोर काय लिहिलंय ते बघा. जागा बंद झाली किंवा थांबवली असं लिहिलं असेल तर तुम्हाला नाकारलेलं असेलच असं नाही. अशा वेळी ‘तेव्हा ती जागा बंद झाली होती’ एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहावं. वॉक-इनला अनेकदा काहीच कळवत नाहीत. ‘आम्ही फोन करू’ म्हणतात आणि फोन येत नाही. तिथे ‘तांत्रिक फेरीनंतर कंपनीकडून पुढे काही कळलं नाही’ हे योग्य वाक्य.

इथे एक फरक कायम सांभाळा. कंपनीने सांगितलेलं कारण एक, आणि तुम्हाला वाटलेलं कारण दुसरं. मुलाखतीत घाम फुटला म्हणून त्यामुळेच घेतलं नाही असं ठरत नाही. कदाचित त्या दिवशी तिघांना घ्यायचं होतं आणि तुम्ही चौथे होतात. म्हणून कारण कळवलेलं नसेल तर तसंच लिहा, आणि तुम्हाला स्वतःला ठाऊक असलेली उणीव वेगळ्या वाक्यात लिहा.

आणखी एक बाब तपासा, ही नवख्यांना सहसा माहीत नसते. मागचा अर्ज तुम्ही स्वतः केला होता की कन्सल्टन्सीमार्फत? कन्सल्टन्सीने तुमचा बायोडाटा पाठवला असेल तर ठराविक मुदतीपर्यंत तो उमेदवार त्यांचा धरला जातो, आणि त्या मुदतीत तुम्हाला घेतलं तर कंपनीला त्यांची फी द्यावी लागू शकते. मुदत कंपनी आणि कन्सल्टन्सीच्या करारावर असते. तुम्ही थेट अर्ज केला आणि हे सांगितलं नाही, तर फीच्या वादात तुमचा अर्ज लटकतो. सांगितलंत तर एचआर दोन मिनिटांत पाहून घेते. चिठ्ठीत एक वाक्य पुरतं: ‘मागचा अर्ज अमुक कन्सल्टन्सीमार्फत, अमुक महिन्यात होता.’

मुदत संपली का ते पाहा

एकदा मुलाखत दिल्यावर ठराविक काळ पुन्हा अर्ज विचारात घ्यायचा नाही, असा नियम पुष्कळ कंपन्यांत असतो. एचआरची माणसं त्याला कूलिंग पिरियड म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तो सहा महिन्यांचा, काही ठिकाणी तीन, काही ठिकाणी पूर्ण वर्षाचा असतो. कधी तो फक्त त्याच पदाला लागू असतो, कधी अख्ख्या कंपनीला. नुसता बायोडाटा नाकारला गेला असेल तर अनेकदा लागूच नसतो. करिअर पोर्टलवरची प्रश्नोत्तरं किंवा नकाराचा जुना ईमेल यांत तो सापडतो. नाही सापडला तर चिठ्ठीतच विचारा, पण तो तुमचा एकमेव प्रश्न असू द्या.

माझं मत विचाराल तर मुदत संपली म्हणून अर्ज करू नये. सांगण्यासारखा बदल झाला असेल तर करावा. सहा महिने नुसते गेले असतील आणि कामात काहीच नवं आलं नसेल, तर तुम्ही तीच मुलाखत दुसऱ्यांदा द्याल.

एक उदाहरण, सगळ्या तपशिलासह

समजा डिचोलीची एक मुलगी आहे, बी.एस्सी. केमिस्ट्री. जून 2024 मध्ये ती वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसी ट्रेनीच्या वॉक-इनला गेली. लेखी परीक्षा पास झाली. तांत्रिक फेरीत साहेबांनी तिचा बायोडाटा पाहिला. त्यात ‘एचपीएलसी हाताळणी’ असं लिहिलेलं. एचपीएलसी म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. कॉलेजात एक दिवस प्रात्यक्षिक दाखवलं होतं, बाकीच्या मुलींनीही लिहिलं म्हणून तिनेही लिहिलं. साहेबांनी विचारलं, नमुने लावण्याआधी यंत्र बरोबर चालतंय हे तुम्ही कशावरून ठरवाल? तिला सांगता आलं नाही. पुढचा प्रश्न, बफर चालवल्यानंतर कॉलम कसा धुवाल? तेही नाही. घरी आली, फोन आला नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये तिला कुंडईच्या एका लहान कारखान्यात काम मिळालं. पहिले आठ महिने वेट केमिस्ट्री: टायट्रेशन, पीएच, कार्ल फिशरवर पाण्याचं प्रमाण, लॉस ऑन ड्राइंग. मे 2025 पासून एचपीएलसीवर बसवलं. जानेवारी 2026 मध्ये वेर्ण्याच्या त्याच कंपनीची क्यूसी अ‍ॅनालिस्टची जाहिरात दिसली.

आता तिने पहिलं काम करायचं ते म्हणजे जुना बायोडाटा शोधून नव्याच्या शेजारी ठेवायचा. कंपनीकडे तो जुना कागद आहे, हे धरून चाला. टक्केवारी, पास झाल्याचा महिना, एटीकेटी, शिकवणी वर्गातली अर्धवेळ नोकरी, यांत दोन्हीकडे फरक असेल तर आत्ताच लावून घ्या. नोकरीच्या तारखांत महिनाही इकडचा तिकडे करू नका. पुढे पडताळणीच्या वेळी भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यावरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा दिसतात.

तिच्या बाबतीत खरी अडचण ‘एचपीएलसी हाताळणी’ या दोन शब्दांची आहे. मुलाखत घेणाऱ्याच्या शेऱ्यात बहुधा हेच असणार: बायोडाटात लिहिलंय, प्रत्यक्षात येत नाही. हा शेरा तांत्रिक कमतरतेपेक्षा जड असतो, कारण तो विश्वासाबद्दल आहे. म्हणून तिने तो स्वतःच उचलावा, एका वाक्यात. तुमच्या जुन्या बायोडाटात असं काही वाढवून लिहिलेलं नसेल तर हे वाक्य अजिबात घालू नका. नसलेल्या चुका कबूल करण्यात प्रामाणिकपणा नाही.

अर्ज आधी, चिठ्ठी नंतर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पोर्टलवर जुन्याच ईमेलने लॉगिन करून अर्ज भरा. पासवर्ड विसरला असेल तर बदलून घ्या, नवं खातं नको. जुना ईमेल खरंच बंद झाला असेल तर नव्याने अर्ज करा आणि चिठ्ठीत जुना ईमेल लिहा, म्हणजे दोन्ही नोंदी त्यांना जोडता येतील. ‘यापूर्वी अर्ज केला आहे का’ इथे ‘होय’, महिना आणि पद. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चिठ्ठी. आधी चिठ्ठी पाठवली तर एचआरला अर्ज शोधूनही सापडत नाही, आणि तिचं उत्तर येतं, पोर्टलवर अर्ज करा.

चिठ्ठीचा मजकूर मी मराठीत देते म्हणजे प्रत्येक वाक्याचं काम कळेल. पाठवताना कंपनीची भाषा वापरा, इथल्या कारखान्यांत ती बहुधा इंग्रजी असते. पण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका, हाच आशय साध्या वाक्यांत लिहा.

विषय: क्यूसी अ‍ॅनालिस्ट, जाहिरातीतला क्रमांक, आधीचा अर्ज जून 2024

नमस्कार मॅडम,

क्यूसी अ‍ॅनालिस्ट पदासाठी मी काल तुमच्या पोर्टलवर अर्ज केला आहे. जून 2024 मध्ये क्यूसी ट्रेनीच्या वॉक-इनला मी आले होते. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले, तांत्रिक फेरीनंतर पुढे काही कळलं नाही. त्या फेरीत एचपीएलसीवरच्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नव्हती. माझ्या तेव्हाच्या बायोडाटात एचपीएलसीचा उल्लेख होता, तो अनुभव कॉलेजातल्या प्रात्यक्षिकापुरता होता.

सप्टेंबर 2024 पासून मी कुंडई येथे औषध कारखान्याच्या क्यूसी विभागात आहे. आधी वेट केमिस्ट्री, आणि मे 2025 पासून एचपीएलसीवर गोळ्यांचे अ‍ॅसे व डिसोल्यूशनचे नमुने मी स्वतः चालवते. मेथड व्हॅलिडेशनचं काम मी केलेलं नाही.

आधीच्या अर्जामुळे या जागेसाठी माझा विचार होण्यात अडचण असेल तर कृपया कळवावं. सध्याच्या कंपनीत मी याबद्दल सांगितलेलं नाही, त्यामुळे तिथे चौकशी करण्याआधी मला विचारावं ही विनंती.

खाली नाव, मोबाईल आणि पोर्टलवरचा ईमेल.

या चिठ्ठीत काय काम करतं

पहिल्या वाक्यात आजचा अर्ज आहे, जुना नाही. एचआरच्या ईमेलमध्ये दिवसाला कितीतरी बायोडाटा येतात. ती पहिली ओळ वाचून ठरवते की हे कोणत्या जागेचं. जुन्या नकारानेच सुरुवात केली तर तुम्ही तक्रार करायला आलात असं वाटतं.

जुन्या अर्जाचा भाग चार वाक्यांचा आहे. त्यात ‘दुर्दैवाने’ नाही, ‘तेव्हा माझी तब्येत बरी नव्हती’ नाही, ‘सरांनी अवघड विचारलं’ नाही. शेवटचं तर कधीच लिहू नका. ती चिठ्ठी पुढे पाठवली जाते ती त्याच सरांकडे.

बदल सांगणाऱ्या वाक्यांत महिना आहे, कामाचं नाव आहे आणि ‘स्वतः’ हा शब्द आहे. ‘मी खूप शिकले, आता आत्मविश्वास वाढला आहे’ हे क्यूसीच्या माणसाला काहीच सांगत नाही. अ‍ॅसे आणि डिसोल्यूशन म्हटलं की त्याला लगेच कळतं की या मुलीचा दिवस कसा जातो. काही मुलं इथे पंधरा दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र पुढे करतात. कोर्स जरूर लिहा, पण कोर्स म्हणूनच. ज्या यंत्रावर तुम्ही नुसते शेजारी उभे होतात ते ‘चालवलं’ म्हणालात तर मागचीच चूक पुन्हा होते, आणि यावेळी तिला नवखेपणाचं कारण उरत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य आहे ते ‘मेथड व्हॅलिडेशनचं काम मी केलेलं नाही.’ नवखी मुलं ते लिहायला घाबरतात. पण ज्याला जुना शेरा आठवतो, त्याला या वाक्यावरून दिसतं की या वेळी बायोडाटात जे आहे ते खरं असणार. आपल्या कामाची हद्द सांगणाऱ्या माणसाचं बाकीचं म्हणणं मानायला सोपं जातं.

एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळा. सध्याच्या कंपनीतली गुपितं तुमचा अनुभव सिद्ध करायला वापरू नका. कोणतं औषध, कोणाचं उत्पादन, ऑडिटमध्ये काय सापडलं, कोणती बॅच फेल गेली, यातलं काहीही चिठ्ठीत किंवा मुलाखतीत यायला नको. ‘गोळ्यांचे अ‍ॅसे’ पुरेसं आहे. जो आजच्या मालकाचं बाहेर सांगतो तो उद्या आमचंही सांगेल, हा विचार समोरच्याच्या मनात येतोच. चौकशीआधी विचारण्याची विनंतीही गोव्यात गरजेची आहे. कुंडईचे आणि वेर्ण्याचे क्यूसीवाले एकमेकांना ओळखतात, कॉलेजात एकत्र शिकलेले असतात.

कुणाला, कधी, कशावर

जाहिरातीत ज्याचं नाव किंवा ईमेल आहे त्यालाच. एकाच चिठ्ठीच्या पाच प्रती पाच जणांना पाठवल्या की पाचही जण समजतात, दुसरा कुणीतरी बघेल. एचआरमधल्या कुणाचा खासगी मोबाईल मावशीच्या शेजाऱ्याकडून मिळाला असेल तरी व्हॉट्सअ‍ॅप नको, जाहिरातीत तोच क्रमांक दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. ओळखीचा माणूस कंपनीत असेल तर त्याच्या नावाने रेफरल घालायच्या आधी त्याला मागचा नकार सांगा. रेफरलच्या फॉर्मवर त्यालाही विचारतात आणि काही कंपन्यांत अलीकडे अर्ज केलेल्या उमेदवाराचा रेफरल धरतच नाहीत. त्याला अंधारात ठेवलंत तर अडचणीत तो येतो.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींचं स्मरण. त्यात जुनी कथा पुन्हा नको. तेही अनुत्तरित राहिलं तर थांबा.

वॉक-इनला थेट जात असाल तर चिठ्ठीची जागा फॉर्मवरचा रकाना घेतो. तिथे ‘होय, जून 2024, तांत्रिक फेरी’ असं लिहा आणि टेबलावरच्या माणसाला तोंडी एक वाक्य सांगा. रांग मोठी असते, त्याहून जास्त ऐकायला त्याला वेळ नसतो.

बोलावणं आलं तर

पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येणार: मागच्या वेळी काय झालं होतं? चिठ्ठीत जे लिहिलं तेच बोला, त्याच क्रमाने, आणि जुन्या गोष्टीपेक्षा दुप्पट वेळ आजच्या कामावर घालवा. चिठ्ठीतल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो, म्हणून ती पाठवण्याआधीच स्वतःला विचारून बघा.

उदाहरणातल्या मुलीला विचारतील: नमुने लावण्याआधी काय पाहता? आता तिला सांगता आलं पाहिजे की आधी सिस्टीम सुटेबिलिटी. प्रमाणित द्रावणाची सहसा पाच इंजेक्शनं, त्यांच्या पीक एरियाचा आरएसडी मेथडमध्ये दिलेल्या मर्यादेत, अ‍ॅसेसाठी बहुधा 2.0 टक्क्यांच्या आत. टेलिंग आणि थिऑरेटिकल प्लेट्स मेथडप्रमाणे. मोबाइल फेज 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला आणि त्यातली हवा काढलेली. बफर चालवल्यावर कॉलम लगेच मिथेनॉलने धुवायचा नाही, कारण क्षार आत बसतात. आधी पाणी जास्त असलेलं मिश्रण, मग मिथेनॉल.

आणि मग तो प्रश्न, जो जुना शेरा असलेल्या उमेदवाराला हमखास विचारला जातो: रिझल्ट मर्यादेबाहेर आला, रात्रीची वेळ, साहेब घरी गेलेत, काय कराल? पास होईपर्यंत पुन्हा इंजेक्ट करणं हे उत्तर नाही. द्रावणं आणि काचसामान तसंच ठेवायचं, डेटा पुसायचा नाही, वरिष्ठांना कळवायचं आणि ओओएसची, म्हणजे मर्यादेबाहेरच्या रिझल्टची, चौकशी सुरू करायची. हे तिने कुंडईला खरंच केलं असेल तर ती अडखळत का होईना सांगेल. पाठांतर केलेलं ‘मग पुढे काय?’ या दुसऱ्या प्रश्नाला कोसळतं.

कुठे ही चिठ्ठी उपयोगाची नाही

मागचा नकार पात्रतेच्या अटीवर असेल, उदाहरणार्थ किमान 60 टक्के हवेत आणि तुम्हाला 56 आहेत, तर आधी जाहिरातीत ती अट अजून आहे का पाहा. असेल तर चिठ्ठीने ती हलत नाही. अनुभवी पदाच्या जाहिरातीत ती कधी कधी नसते, त्या जागेसाठी अर्ज करा. शिफ्टवरून अडलं असेल आणि आता कंपनीच्या बसची वेळ तुम्हाला जमत असेल, तर एवढंच वाक्य पुरतं: ‘मागे मला रात्रपाळी जमत नव्हती, आता जमते.’ पण खरंच जमत असेल तरच. काणकोणहून येणाऱ्याने हे आधी घरी बोलून घ्यावं.

ऑफर स्वीकारून तुम्ही रुजूच झाला नसाल, तर तो तुमचा नकार आहे, कंपनीचा नाही. तो डागही जास्त दिवस राहतो, कारण त्यांनी जागा अडवून ठेवलेली असते. तिथे कारण आणि दिलगिरीचं एक वाक्य दोन्ही लागतात. मेडिकलमध्ये अडलं असेल तर आजाराचा तपशील ईमेलवर लिहू नका. ‘निवडीच्या शेवटच्या टप्प्यावर थांबलं होतं, त्याबद्दल बोलायला तयार आहे’ एवढं लिहून बाकीचं समोर.

सरकारी भरतीत हा सगळा प्रकार लागू नाही. गोवा कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा असो वा वास्कोच्या गोवा शिपयार्डची जाहिरात, तिथे नियम जाहिरातीत छापलेले असतात आणि त्याप्रमाणेच अर्ज करायचा. भरती अधिकाऱ्याला खासगी चिठ्ठी पाठवून उपयोग नाही, उलट तो दबाव आणण्याचा प्रयत्न वाटू शकतो.

दुसऱ्यांदाही नकार आला तर त्याच संध्याकाळी, मुलाखतीतले प्रश्न आठवतात तोवर, ते तारखेसह लिहून ठेवा. सोबत जाहिरातीचा क्रमांक, पाठवलेल्या बायोडाटाची प्रत आणि कुठली फेरी झाली हेही. एचआरला एका ओळीचं उत्तर द्या: कळवल्याबद्दल आभार, पुन्हा अर्ज कधी करता येईल ते सांगता आलं तर बरं होईल. काही जणी महिना सांगतात, आणि तो महिना जुन्या अर्जासोबत तुमच्या वहीत लिहिलेला असला पाहिजे.